टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याचे पत्र

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कर्मचारी पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी न करता कामाचे तास आणि कामाचा भार हळूहळू वाढवणार असेल, तर ती योजना मालकाला कळवणारे पत्र. ब्रिटनमध्ये 2010 पासून डॉक्टरांच्या दाखल्यातच कमी तास, बदललेले काम, टप्प्याने परतणे असे पर्याय छापलेले असतात. भारतातला नेहमीचा दाखला ‘कामास योग्य’ किंवा ‘विश्रांतीची गरज’ यांपैकी एकच सांगतो. मधली अवस्था मांडण्याची जबाबदारी त्यामुळे पत्रावर येते. ते डॉक्टरांच्या दाखल्याची जागा घेत नाही. दाखल्यातला सल्ला रोजच्या कामाच्या भाषेत आणते.

दाखल्यावर पुष्कळदा ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिलेले असते. तंटा इथेच सुरू होतो, कारण पर्यवेक्षकाच्या लेखी दहा किलोचा खोका हलकाच असतो. म्हणून किती वजन, किती तास, कोणती हालचाल आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि पत्रात आकड्यांत लिहावे.

उदाहरणासाठी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातला एक कल्पित भांडारप्रमुख घेऊ. त्याची बायपास 10 फेब्रुवारीला झाली. या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून तारेने बांधतात आणि ते जुळायला साधारण बारा आठवडे लागतात. टाक्यांची जखम त्याआधीच भरते. वरून बरा दिसणारा माणूस आतून बरा झालेला नसतो, आणि मालकाला नेमके हेच समजावून सांगावे लागते. पत्र असे होईल: ‘मी 13 एप्रिलपासून रुजू होऊ इच्छितो. 26 एप्रिलपर्यंत सकाळी दहा ते दोन बसून नोंदींचे काम करीन. 27 एप्रिल ते 10 मे रोज सहा तास. 11 मेपासून पूर्ण आठ तास. 8 मे रोजी शल्यविशारदांची तपासणी आहे. तोपर्यंत पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलणार नाही, भरलेली ट्रॉली ढकलणार नाही, गोदामाचे शटर ओढणार नाही. तपासणीनंतरची मर्यादा लेखी कळवीन. मे अखेरपर्यंत रात्रपाळी देऊ नये.’

जयपुरात आणखी एक अट घालावी लागते. मे-जूनमध्ये तिथे पारा 45 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाब उतरवणारी औषधे चालू असतील, तर अशा उन्हात शरीरातले पाणी कमी होऊन चक्कर येण्याचा धोका वाढतो. म्हणून माल चढवण्याच्या उघड्या फलाटावर दुपारी बारा ते चार काम नको, हे पत्रात तारखेसह येते. स्कूटर चालवायला डॉक्टरांची परवानगी मिळालेली नसेल, तर कंपनीच्या बसच्या वेळेशी कामाचे तास जुळवून मागावेत.

पगाराचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला 91 दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या मजुरीच्या 70 टक्के मिळतो. पण ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. म्हणजे चार तास काम करणाऱ्याला अर्धी मजुरी मिळते आणि उरलेल्या अर्ध्यासाठी विम्याचा आधार नसतो. घरी राहणाऱ्याच्या हाती त्याच्यापेक्षा जास्त पडू शकते. त्यामुळे उरलेल्या अर्ध्या दिवसाला शिल्लक रजा लावायची की मालक पूर्ण पगार देणार, हे रुजू होण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. टप्प्याने परतू देण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. नोकरीचा करार, स्थायी आदेश आणि मालकाची संमती यांवरच ते चालते.

योजना घाईची ठरली हे कसे ओळखावे, तेही पत्रात असावे. रात्रभर झोपूनही सकाळी थकवा तसाच राहिला, तर मागच्या टप्प्यावर यावे. छातीच्या हाडात कटकट जाणवणे, जखमेतून स्राव, ताप, पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर दम लागणे, यांपैकी काहीही दिसले तर काम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखू लागले तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.

मालकाला संपूर्ण रुग्णालयीन अहवाल देण्याची सहसा गरज नसते. शस्त्रक्रियेची तारीख, मर्यादा आणि पुढची तपासणी एवढे पुरते. जयपुरातल्या मराठी कर्मचाऱ्याने पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावे आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. दुसऱ्या प्रतीवर मनुष्यबळ विभागाचा आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती प्रत स्वतःजवळ ठेवावी.