ब्लू नोट
ब्लूज स्केल म्हणजे सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नी. पनवेलच्या भजनी मंडळातल्या पेटीवर मला हे सगळे स्वर मिळाले, तरी ब्लूज मिळाला नाही. मला हवी असलेली ब्लू नोट कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये राहते. तिथे पट्टीच नसते. गिटारवर मात्र तार खेचता येते. ‘ए’ला सा धरला, तर तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर कोमल ग येतो. तिथे तर्जनी दाबून तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढावी. ताण वाढून स्वर चढतो. सहाव्या पडद्यावरचा शुद्ध ग आधी ऐकून ठेवावा. ओढलेला स्वर त्याला जाऊन भिडला, तर खेच जास्त झाली आणि गंधाराची ती सुंदर घालमेल गेली.