पेपरच्या आधी छातीत धडधड? क्लासमध्ये पाच मिनिटांत खेळता येतील असे श्वासाचे तीन खेळ

दुपारी शाळा, साडेपाचला सुट्टी, सव्वासहाला क्लास. सरांनी सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर वाटायला घेतला की कुणाचे हात गार पडतात, कुणाच्या पोटात गोळा येतो. काल घरी सुटलेलं गणित आज आठवत नाही. अशा वेळी मोठी माणसं सांगतात, "दीर्घ श्वास घे." पण तो नेमका कसा घ्यायचा, हे कुणी सांगत नाही. चुकीच्या पद्धतीने घेतला तर घाबरणं कमी होण्याऐवजी वाढतं.

श्वासाने धडधड कमी का होते?

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. मेंदूतून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला ब्रेक लावण्याचं काम करते. श्वास सोडताना हा ब्रेक जास्त लागतो. म्हणून खरी युक्ती श्वास खूप आत ओढण्यात नाही, तो सावकाश बाहेर सोडण्यात आहे. हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही, पहिल्या खेळात ते स्वतःच्या बोटांना जाणवतं.

खेळ पहिला : नाडी पकडा

क्लासला जिने चढून आलात तर आधी तीन-चार मिनिटं नुसतं बसा. चढल्यामुळे वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके यांची गल्लत होऊ नये म्हणून.

मग एका हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच ठेवा. अंगठा वापरू नका, कारण अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. सर किंवा एखादा विद्यार्थी घड्याळ लावेल. ३० सेकंद ठोके मोजा आणि आकडा दुप्पट करून वहीच्या कोपऱ्यात लिहा.

आता नाकाने श्वास घ्या, मनात चार मोजा. मग सहा मोजत सोडा. एक आकडा साधारण एक सेकंदाचा. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास. दोन मिनिटांत बारा श्वास होतील. चार-सहा जड गेलं तर तीन-चारने सुरुवात करा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, एवढंच पाळा. शेवटी पुन्हा ३० सेकंद नाडी मोजा.

समजा, दहावीतल्या एका मुलीचे आधी ४८ ठोके आले, म्हणजे मिनिटाला ९६. नंतर ४३ आले, म्हणजे ८६. हा फरक तिला स्वतःला दिसला, म्हणून पुढच्या वेळी ती हे करून बघेल. ४८ चे ४७ झाले तर मात्र त्यावरून काही ठरवू नका. एखादा ठोका मोजण्यात इकडेतिकडे होतोच. ज्याचा आकडा बदलला नाही, तो हरला असंही नाही. या खेळात वहीतला आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही, एवढा एकच नियम.

खेळ दुसरा : भांड्याचा नाद

एक स्टीलची वाटी तळहातावर ठेवा आणि चमच्याने एकदा हलकेच वाजवा. सगळ्यांनी नाद ऐकायचा आणि ज्या क्षणी तो आपल्यासाठी संपला त्या क्षणी हात वर करायचा. डोळे मिटायची सक्ती नाही, बेंचवर नजर खाली ठेवली तरी चालते.

पहिल्या वेळी हात लगेच वर येतात, हसू फुटतं. फुटू द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी वर्ग शांत होतो आणि खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, पंख्याची करकर असे आवाज ऐकू यायला लागतात. ऐकू आलेले तीन आवाज मनात नोंदवा आणि मग पेपर उघडा.

"नापास झालो तर?" हा विचार नेहमी पुढच्या महिन्यातला असतो. कान मात्र आत्ताचंच ऐकू शकतात. माइंडफुलनेस म्हणजे मुळात एवढंच : लक्ष आत्ता समोर असलेल्या गोष्टीवर आणणं. विचार बंद करायचे नसतात. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी हा खेळ जास्त बरा.

खेळ तिसरा : एकवर परत

प्रत्येक श्वास सोडताना मनात एक आकडा : एक, दोन, तीन... दहापर्यंत. मन भरकटलं, आकडा चुकला किंवा अकरा-बारावर गेलो असं लक्षात आलं की पुन्हा एकपासून. दोन मिनिटांनी विचारायचं, "किती वेळा परत आलात?" इथे दहापर्यंत पोचण्याला गुण नाहीत, परत येण्याला आहेत. पेपर लिहिताना मन भटकणारच. ते भटकलंय हे ओळखून प्रश्नावर परत येणं, याचाच हा सराव आहे.

कुठे चुकतं?

सर्वात मोठी चूक म्हणजे घाईघाईने मोठे श्वास घेणं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरुरीपेक्षा कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. मुलाला वाटतं, आपल्याला काहीतरी होतंय. असं झालं तर खेळ थांबवा, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. थोड्या वेळात मुंग्या जातात.

दुसरी चूक, "कोण जास्त वेळ श्वास रोखतो" अशी स्पर्धा. ती नकोच, दमा असलेल्यांसाठी तर मुळीच नको. तिसरी चूक, बोर्डाच्या पेपरच्या दिवशी पहिल्यांदाच करून पाहणं. घाबरलेल्या अवस्थेत नवी गोष्ट जमत नाही. निवांत दिवशी आठवड्यातून तीन-चार वेळा केलं असेल, तर परीक्षागृहात नुसते सहा श्वासही पुरतात. त्याला एकच मिनिट लागतं.

यातून काय होतं, काय होत नाही?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२३ च्या अभ्यासात, महिनाभर रोज पाच मिनिटं लांब निःश्वासाचा सराव करणाऱ्या मोठ्या माणसांची मनःस्थिती नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. दुसरीकडे ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सगळ्या वर्गाला माइंडफुलनेसचे धडे दिल्याने नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे हे खेळ सक्तीचे करू नका. ज्याला नको त्याने शांत बसावं.

श्वासाने धडधड कमी होईल, न केलेला धडा मात्र येणार नाही. मूल आठवडे झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, क्लासला जायच्या वेळी रोज पोटात दुखत असेल किंवा "मी नसलेलाच बरा" असं बोलत असेल, तर ते खेळाने सुटणारं नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.