आयपी बंदी, गेम सर्व्हरवरील

गेम सर्व्हरवर येणारा खेळाडू ज्या आयपी पत्त्यावरून जोडला जातो, तो पत्ता पाहून त्याला बाहेर ठेवणे म्हणजे आयपी बंदी. बंदी एका पत्त्यावर घालता येते, सलग पत्त्यांच्या पट्ट्यावर घालता येते किंवा एखाद्या देशाच्या नावावर नोंदलेल्या सगळ्या पट्ट्यांवर घालता येते. पत्ता अनेकांत वाटलेला असला की एकाच्या खोडीची शिक्षा बाकीच्यांनाही होते. नांदेड आणि लातूरमध्ये बरीच पोरे हॉस्टेलच्या वायफायवर नाहीतर मोबाइल डेटावर खेळतात, त्यामुळे तिथे असे वारंवार घडू शकते.

सर्व्हर चालवणारा पत्त्याकडे वळतो, कारण नावावर त्याचा भरवसा नसतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत `online-mode=true` असेल तर प्रत्येक खेळाडूचे खाते तपासले जाते आणि नावावर घातलेला बॅन टिकतो. विकत न घेतलेल्या गेमवरही मित्रांना येता यावे म्हणून ही सेटिंग `false` केली, की कोणीही कोणतेही नाव टाइप करून आत येतो. नावाचा बॅन मग निरुपयोगी होतो आणि हाताशी उरतो तो पत्ता.

पण हा पत्ता घराच्या दारावरच्या नंबरासारखा नसतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. या टंचाईमुळे इंटरनेट कंपन्या एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये `100.64.0.0/10` हा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या वॅन पत्त्यात `100.64` ते `100.127` यांतला आकडा दिसला, तर ती जोडणी सीजीनॅटमागे आहे असे समजावे.

एका पत्त्यावर किती ग्राहक मावतात, हे पोर्टवरून ठरते. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवले तर ६४,५१२ उरतात. कंपनीने प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टांचा गट दिला, तर एका पत्त्यामागे ६४ जोडण्या बसतात. त्यांतली एखादी जोडणी लातूरच्या क्लासेसच्या भागातल्या हॉस्टेलची असेल, तर त्या एका जोडणीमागेच तीस-चाळीस मुले असू शकतात.

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. मुंबईत भाड्याने घेतलेल्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर रात्री साडेदहाला चौदा जण खेळताहेत. `khel2` नावाने आलेला एक जण दुसऱ्याचे घर टीएनटीने उडवतो. ॲडमिन चिडून कन्सोलवर लिहितो:

```
ban-ip khel2
```

कन्सोल उत्तर देतो: `This ban affects 3 player(s)`. म्हणजे त्या क्षणी त्याच पत्त्यावरून तिघे खेळत होते आणि तिघेही बाहेर फेकले गेले. ही ओळ बंदी घालून झाल्यावर उमटते, हीच खरी अडचण. ज्याने घर उडवले तो हॉस्टेलचे वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातो आणि नवे नाव, नवा पत्ता घेऊन मिनिटभरात परततो. बाकीचे दोघे बाहेरच राहतात. शिवाय कंपनीने तोच पत्ता दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्राहकाला दिला, तर कधीच न खेळलेला चौथाही बंदीत येतो.

बंदी घालण्याआधी लॉग बघितला असता, तर यातले बरेच टळले असते. खेळाडू आत आला की लॉगमध्ये त्याच्या पत्त्यापुढे पोर्टही लिहिला जातो:

```
khel1[/203.0.113.45:41822] logged in
khel2[/203.0.113.45:41905] logged in
khel3[/203.0.113.45:7310] logged in
```

कंपनी गटाने पोर्ट देत असेल, तर पहिले दोघे एकाच गटातले आहेत, म्हणजे बहुधा एकाच राउटरमागचे. तिसरा भलत्याच घरातला. हा निव्वळ अंदाज आहे, कारण सगळ्या कंपन्या गट पाडून पोर्ट देत नाहीत. पण एकाच पत्त्यावरून तीन नावे दिसली, एवढेही हात आखडायला पुरेसे आहे. कंपनीकडे तक्रार करायची असेल तर पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ अशी तिन्ही लागतात. नुसत्या पत्त्यावरून वाटलेल्या जोडणीतला ग्राहक सापडत नाही.

पट्ट्यावरची बंदी माइनक्राफ्टच्या मूळ आज्ञेत नाही, ती लिनक्सच्या फायरवॉलमधून घालतात:

```
nft insert rule inet filter input ip saddr 203.0.113.0/24 tcp dport 25565 drop
```

`insert`ऐवजी `add` लिहिले तर नियम शेवटी जाऊन बसतो. वर कुठे 25565 ला परवानगी दिलेली असेल तर तो लागूच होत नाही. `/24` म्हणजे २५६ पत्ते. वरच्या हिशेबाने त्यांच्यामागे १६,३८४ जोडण्या असू शकतात, एवढे लोक एका पोरासाठी बाहेर. बंदी घातल्याचे त्यांना कळतही नाही. `ban-ip` मध्ये निदान `Your IP address is banned from this server` असा निरोप मिळतो. `drop` मध्ये जोडणी नुसतीच लटकते आणि खेळाडू केबलवाल्याला शिव्या घालत बसतो.

देशनिहाय बंदीला पत्त्यांची नोंदवही लागते. मॅक्समाइंडची जिओलाइट ही त्यांतली प्रसिद्ध. देश बहुधा बरोबर निघतो, शहर मात्र भरवशाचे नसते. नांदेडच्या मोबाइलचा पत्ता मुंबई किंवा पुणे दाखवतो, कारण कंपनीचे इंटरनेटला जोडणारे केंद्र तिथे असते. त्यामुळे ‘फक्त मराठवाडा’ असा सर्व्हर पत्त्यावरून बांधता येत नाही. ‘फक्त भारत’ हे पिंगसाठी आणि परदेशी बॉट रोखायला उपयोगी पडते, पण लातूरच्या एखाद्या पोराचा जर्मनीत शिकणारा थोरला भाऊ त्यात अडकतो आणि भारतीय व्हीपीएनवरचा परदेशी सहज आत येतो. परदेशातून विकत घेतलेला पत्त्यांचा गठ्ठा नोंदवहीत जुन्याच देशाच्या नावावर राहिला, तर इथला ग्राहकही परका ठरतो. संपूर्ण देशच एका पत्त्यामागे असल्याचेही उदाहरण आहे: २००६ संपता संपता विकिपीडियाने एका पत्त्यावरून संपादन रोखले, आणि कतारमधल्या जवळजवळ सगळ्यांचे निनावी संपादन थांबले.

आणखी एक फजिती घरी चालवलेल्या सर्व्हरची. ॲडमिनचीच जोडणी सीजीनॅटमागे असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही, म्हणून तो टनेल वापरतो. अशा वेळी अनेकदा सर्व खेळाडू लॉगमध्ये `127.0.0.1` वरून आलेले दिसतात. एकाला `ban-ip` केले की सर्व्हर रिकामा.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ते भरपूर असल्याने असे वाटप लागत नाही. तिथे एकेक पत्ता अडवूनही उपयोग नाही, कारण फोन तो वरचेवर बदलतो. `/64` अडवला तर बहुधा एक जोडणी अडते, आणि तेवढेच हवे असते.

चौथ्या आवृत्तीवर व्हाइटलिस्ट हा सर्वांत साधा उपाय, पण `false` सर्व्हरवर यादीतले नाव दुसराही टाइप करू शकतो, म्हणून सोबत पासवर्ड विचारणारा प्लगइन हवा. पत्ता अडवायचाच असेल तर मुदतीने अडवावा. `ban-ip` मुदत विचारत नाही. सर्व्हर बंद करून `banned-ips.json` मध्ये ती हाताने लिहावी लागते:

```
"expires": "2025-06-11 22:40:00 +0530"
```

ही तारीख भरली नाही, तर त्या जागी मुळात लिहिलेला शब्द `forever` हाच असतो.