धातुसाधित विशेषणे, मराठीतील (‘-लेला’ प्रत्ययान्त)

‘केलेली चूक’, ‘झालेला खर्च’ यांतील केलेली, झालेला ही भूतकाळवाचक धातुसाधित विशेषणे होत. त्यांची रूपे विशेष्याच्या लिंगवचनांप्रमाणे बदलतात. क्रिया कोणी केली, याचा त्यांच्याशी संबंध नसतो; म्हणून ‘रामाने केलेली चूक’, पण ‘सीतेने केलेला प्रवास’.

या नियमाचे मूळ जुने आहे. संस्कृतमधील ‘कृत’, ‘गत’ ही विशेषणेच होती. त्यांच्या प्राकृत रूपांना ‘-इल्ल’ हा प्रत्यय जोडला जाऊन मराठीत केला, गेला ही रूपे आली. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात गंगराजाने मूर्तीभोवतीचा प्राकार (सुत्ताले) बांधविल्याचा उल्लेख आहे. तेथे गंगराज तृतीयेत असून ‘करवियले’ हे रूप नपुंसकलिंगी ‘सुत्ताले’ला अनुसरते. पुढे हीच रूपे भूतकाळाची क्रियापदे म्हणून स्थिरावली व त्यांना गेलो, गेलास असे पुरुषवाचक प्रत्ययही लागले. विशेषणाचे काम वेगळे दाखविण्यासाठी मग ‘ल’ची पुनरुक्ती झालेले ‘-लेला’ हे रूप प्रचारात आले. जुन्या वापराचा अवशेष ‘गेला महिना’, ‘गेल्या वर्षी’ यांत अजून टिकून आहे. तेथे ‘गेलेल्या वर्षी’ असे कोणी म्हणत नाही.

प्रथमेत रूपे अशी होतात : केलेला करार, केलेली चूक, केलेले काम, अनेकवचनी केलेले करार, केलेल्या चुका, केलेली कामे. यांतील शेवटचे रूप अनेकांना चुकीचे वाटते, कारण ‘केलेली’ हे स्त्रीलिंगी एकवचनासारखे दिसते. पूर्वी हा घोटाळा लेखनात तरी होत नसे. नपुंसकलिंगी अनेकवचन ‘केलेलीं’ व एकवचन ‘केलेलें’ असे अनुस्वारयुक्त लिहीत. ‘केलेलीं’मधील अनुस्वार संस्कृत ‘-आनि’ या प्रत्ययातील अनुनासिकाची खूण होता. स्त्रीलिंगी ‘ई’ मात्र ‘-इका’पासून आलेली आहे. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी असे व्युत्पत्तिमूलक अनुस्वार वगळले आणि भिन्न उगमांची ही दोन रूपे कागदावर एक झाली. शंका आल्यास विशेष्य एकवचनी करून पाहावे : ‘केलेली कामे’चे ‘केलेले काम’ होते, म्हणून रूप नपुंसकलिंगी.

विशेष्याला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, की हे सर्व भेद मावळतात व सामान्यरूप ‘केलेल्या’ एवढेच उरते : केलेल्या कराराचा, केलेल्या चुकीमुळे, केलेल्या कामांची. ‘केलेली चुकीमुळे’ ही रचना म्हणूनच अशुद्ध ठरते; घाईच्या लेखनात, विशेषतः विशेषण व नाम यांच्यामध्ये इतर शब्द आले असता, ती हमखास आढळते. दोन भिन्नलिंगी नामांना एकच विशेषण असेल, तर ते सामान्यतः निकटच्या नामाशी जुळवितात : ‘झालेला खर्च व हानी’. कानाला हे खटकल्यास ‘झालेला खर्च व झालेली हानी’ अशी पुनरुक्ती करणे बरे.