नोकरी करत सीएमएची तयारी: आठवड्याचा मॉक टेस्ट प्लॅन कसा आखायचा?

सीएमए इंटरमीजिएटमध्ये ग्रुप पास होण्यासाठी दोन अटी आहेत. प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० गुण आणि चारही पेपर मिळून ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी २०० गुण. मॉक टेस्टचा प्लॅनही याच हिशोबाने आखायला हवा.

रविवार: तीन तासांचा एक पूर्ण पेपर, मोबाइल बाजूला ठेवून, हाताने लिहून सोडवा. दर आठवड्याला एक पेपर घेतला, तर चार आठवड्यांत ग्रुपची एक फेरी होते.

सोमवार, मंगळवार: रोज तासभर इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सर्सशी ताडून उत्तरं तपासा. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: येत नव्हतं, आकडेमोड चुकली की वेळ संपला.

बुधवार ते शुक्रवार: चुकलेले प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवा. शनिवारी पुढच्या पेपरची उजळणी.

समजा, पहिल्या फेरीत लॉला ६२, फायनान्शियल अकाउंटिंगला ४४, टॅक्सेशनला ४६ आणि कॉस्ट अकाउंटिंगला ४२ मिळाले. बेरीज १९४. प्रत्येक पेपर पास, तरी ग्रुप नापास!

आता कारणांची यादी पाहा. कॉस्टिंगमध्ये १४ गुणांचा एक प्रश्न वेळेअभावी सुटला असेल, तर नवा धडा घेऊन उपयोग नाही. १८० मिनिटांत १०० गुण, म्हणजे १४ गुणांना साधारण २५ मिनिटं. पुढच्या मॉकमध्ये २५ मिनिटं झाली की तो प्रश्न थांबवून पुढचा घ्या. कमी पडलेले ६ गुण तिथेच मिळू शकतात.