लाइनमनच्या परमिटची आणि पट्ट्याची कुळकथा

गावाबाहेरून जाणाऱ्या ११ केव्ही लाइनचा सिमेंटचा खांब साधारण ८ मीटर लांबीचा असतो. त्यातला दीड मीटर जमिनीत गाडलेला असतो. वर काम करणाऱ्या लाइनमनचे पाय जमिनीपासून ५-६ मीटरवर असतात. ६ मीटरवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून जरासा जास्त वेळ घेऊन खाली येतो आणि जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात कशाला तरी धरणे त्याच्या हातात उरत नाही. त्याला वाचवू शकेल असे जे काही आहे, ते तो चढण्याआधी झालेले असावे लागते.

अशा अपघातानंतर ‘दुरुस्ती करताना तोल जाऊन पडला’ असे एक वाक्य लिहिले जाते. तोल का गेला, हे त्या वाक्यात येत नाही. ते शोधायचे तर तीन गोष्टी विचाराव्या लागतात: परमिट होते का, लाइन खरोखर वेगळी केली होती का, आणि पट्टा कुठे अडकवला होता. या तिन्ही गोष्टी एका वेळी, एका जागी जन्मल्या नाहीत. प्रत्येकीचे कूळ वेगळे आहे आणि प्रत्येक गोष्ट दुसरीला न भरता येणारी जागा भरते.

लाइन वेगळी करण्याचा धडा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मिळाला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स हा वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा लाइनमन खांबावर चढून निकामी तारा काढत होता. तारयंत्राच्या तारांत वीज अगदी कमी दाबाची असते, म्हणून तो निर्धास्त होता. पण काही चौक पलीकडे त्यातली एक तार दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला चिकटली होती. त्याचा देह तारांच्या जाळ्यात अडकून राहिला आणि भर दुपारी हजारो लोकांनी ते पाहिले. ज्या ठिकाणी तो काम करत होता तिथे काहीच बिघडलेले नव्हते. तार जिवंत झाली होती ती त्याच्या नजरेपलीकडे. आपल्या हातातली तार मेलेली आहे की नाही, हे तिच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे यावर ठरते. लाइन बंद करून न थांबता ती जमिनीला जोडायची, म्हणजे कुठूनही वीज आली तरी ती माणसाऐवजी जमिनीत जाईल, या रीतीचा सगळा अर्थ त्या एका घटनेत दिसतो.

पट्ट्याचे कूळ पडण्याशी जोडलेले आहे. अमेरिकेतल्या वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना १८९१ मध्ये सेंट लुईस येथे स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते. जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टनला काम करताना त्यांना शॉक बसला, ते खांबावरून खाली पडले आणि त्यातच दगावले. शॉक आणि पडणे ही जोडी लाइनमनच्या कामात फार जुनी आहे. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील यांनी माणसाला तार सोडता येण्याची मर्यादा मोजली. सरासरी पुरुषाच्या बाबतीत ती १६ मिलिअँपिअरच्या आसपास निघाली. त्याहून कमी प्रवाहाने माणूस सहसा मरत नाही, पण दचकतो, हात झटकतो. जमिनीवर उभ्या माणसाचे झटक्यावरच निभावते. खांबावरच्या माणसाचा तेवढ्यानेच तोल जातो. म्हणून ज्याला आपण विजेचा अपघात म्हणत नाही, असा पडण्याचा अपघातही पुष्कळदा विजेपासूनच सुरू झालेला असतो.

परमिटचे कूळ मात्र रेल्वेच्या वळणाचे आहे. १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या थॉर्पजवळ एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेटचे यंत्र आणले. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टॅब्लेट यंत्रातून बाहेर निघे आणि ती ज्या ड्रायव्हरच्या हातात असेल तोच त्या टप्प्यात शिरे. टप्पा मोकळा असल्याच्या परवानगीला रेल्वेत ‘लाइन क्लिअर’ म्हणतात आणि देशातल्या अनेक राज्यांत विजेच्या परमिटलाही आजवर तेच म्हणतात. दोन्हींचा गाभा सारखा आहे. ज्याच्या हातात परवानगी, लाइन त्याची. ती त्याने स्वतः परत केल्याशिवाय दुसऱ्या कुणी लाइनला हात लावायचा नाही.

भारतात यातल्या अर्थिंग आणि पट्टा या दोन गोष्टी कायद्यात अशा आल्या. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ३६ व्या नियमाने तारेला हात लावण्याआधी ती जमिनीला जोडून निर्भार करण्याची सक्ती केली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी १९ व्या विनियमात हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधने, हेल्मेट आणि टेस्टर ही साधने काम करणाऱ्याला पुरवायचीच, असे स्पष्ट लिहिले. ती पुरवण्याची जबाबदारी त्या विनियमांनी लाइनमनवर टाकली नव्हती.

नगर जिल्ह्यात वीज शेतापर्यंत पोचली त्या कथेत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे नाव येतेच. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या मदतीने देशात सुरुवातीला पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यातली एक श्रीरामपूरची. तिचा परवाना जानेवारी २०११ अखेर संपला आणि तो भाग महावितरणकडे आला. उसाच्या, विहिरींच्या या पट्ट्यात मळ्यामळ्यातून तारा गेल्या आहेत. त्यांची गुंतागुंत समजून घेतल्याशिवाय परमिट का चुकते हे कळत नाही.

समजा राहुरी तालुक्यात शेतीच्या फीडरवर एका खांबाचा पिन इन्सुलेटर फुटला आहे. रीत अशी. जबाबदार कर्मचारी ३३/११ केव्ही उपकेंद्रात परमिट मागतो. त्यात फीडरचे नाव, कामाची जागा, परमिट घेणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिली जाते. ऑपरेटर ब्रेकर पाडतो, आयसोलेटर उघडतो, कुलूप लावतो, ‘माणसे काम करत आहेत’ ही पाटी अडकवतो आणि मग परमिट देतो. इकडे गँग कामाच्या जागेजवळचा एबी स्विच उघडते. इथे पहिली फसगत होते. स्विचचा दांडा खाली आला म्हणजे तिन्ही पाती सुटली असे नसते. गंजलेले एखादे पाते तसेच चिकटून राहते. म्हणून खाली उभे राहून तिन्ही फटी डोळ्यांनी पाहायच्या, मगच दांड्याला कुलूप लावायचे. त्यानंतर टेस्टरने तपासायचे आणि डिस्चार्ज रॉड लावायचे. रॉडचे जमिनीकडचे टोक आधी घट्ट जोडायचे आणि मग इन्सुलेटेड दांड्याने आकडा तारेवर टाकायचा. तिन्ही तारांवर, कामाच्या दोन्ही बाजूंना. काढताना क्रम उलटा.

दोन्ही बाजूंना कशासाठी, याचे उत्तर शेतातच आहे. मळ्यातल्या एखाद्या गोठ्यावर वीज गेली की जनरेटर सुरू होतो. त्याची जोडणी नीट बदल-स्विचमधून नसेल तर ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. ११ केव्हीला ४३३ व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने २३० व्होल्टचे सुमारे १० हजार व्होल्ट करतो. उपकेंद्रातला ब्रेकर उघडा असतो, परमिट खरे असते, आणि तरी तार जिवंत असते. १८८९ चा तोच धडा, फक्त चौकाऐवजी मळा. म्हणून जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे डीओ फ्यूज काढून ठेवायचे.

आणखी दोन गोष्टी या भागात विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यानंतर काही ठिकाणी एकाच खांबावर दोन फीडरच्या तारा आहेत. परमिट शेतीच्या फीडरचे आणि हात गावठाणच्या तारेजवळ, असे होऊ शकते. तिथे दोन्हींची परमिटे हवीत. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. शेतीची वीज ठरावीक तासांची असते, म्हणून ‘बंदच्या वेळात काम उरकून घेऊ’ असा मोह होतो. पण वेळापत्रकाने बंद असलेली लाइन वेळापत्रकानेच चालू होते, तिला खांबावरच्या माणसाची माहिती नसते. आता सौर प्रकल्पही आले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे सुरुवातीचे काम पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाले. पुरवठा गेला की अशा प्रकल्पांतले इन्व्हर्टर आपोआप थांबतात, तरी तीही एक वीज येण्याची वाट आहे. ती बाजूही उघडून कुलूपबंद केलेली हवी.

एवढे झाल्यावर पट्टा. कमरेच्या जुन्या पट्ट्याचे काम माणसाला खांबाशी धरून ठेवण्याचे होते, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो बनलेला नव्हता. पडताना त्याचा झटका एकट्या पोटावर आणि कण्यावर येतो. म्हणून अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनी १ जानेवारी १९९८ पासून पडणे रोखण्यासाठी कमरपट्टा चालणार नाही असे ठरवले. त्या कामाला मांड्या आणि खांद्यांवर भार वाटणारा पूर्ण हार्नेस लागतो. पट्टा घातलेला असूनही माणूस पडतो तो बहुधा दोर सोडल्याच्या क्षणी. वर जाताना काटेरी तार, स्टेचा क्लँप किंवा आडवा अँगल वाटेत येतो. तो अडथळा ओलांडायला एकच दोर असलेल्याला दोर सोडावा लागतो. दोन दोर असले की वरचा अडकवल्यावर खालचा सोडता येतो आणि माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. पट्ट्याची एक मर्यादाही आहे. तो माणसाला खांबाशी बांधतो, म्हणून खांबच तडकलेला असेल, बूड गंजलेले असेल किंवा स्टे तुटला असेल तर पट्टा त्याला खांबासकट खाली आणतो. चढण्याआधी खांबाचे बूड पाहणे हा पट्ट्याच्याच वापराचा भाग आहे.

सगळ्यात धोक्याची वेळ काम संपल्यावरची. एका फीडरवर वेगवेगळ्या गावांत दोन गँग काम करत असतात. पहिली फोन करून म्हणते, ‘साहेब, झालं, लाइन चालू करा.’ दुसरीचा माणूस अजून खांबावर असतो. यावर एकच उपाय आहे. प्रत्येक गँगचे परमिट वेगळे, आणि सगळी परत आल्याशिवाय ब्रेकरला हात नाही. परत करणाराही तोच, ज्याने घेतले होते. त्याने आधी माणसे मोजायची, मग काढलेले डिस्चार्ज रॉड मोजायचे, आणि त्यानंतरच सही करायची.

वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा अपघाताची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते. त्या चौकशीत ‘पट्टा घातला नव्हता’ हे उत्तर सोपे असते, कारण ते फक्त पडलेल्या माणसाकडे बोट दाखवते. पट्टा घातला असता तर कदाचित तो वाचला असता. पण त्याच चौकशीने उपकेंद्रातली परमिटची वही मागवली पाहिजे, एबी स्विचची पाती पाहिली पाहिजेत, मळ्यातला जनरेटर कसा जोडला आहे ते तपासले पाहिजे आणि त्या गँगकडे दोन दोरांचा हार्नेस कधी पोचला होता का, हे विचारले पाहिजे. पट्टा एकट्या लाइनमनच्या अंगावर असतो. परमिट आणि अर्थिंग या गोष्टी मात्र अनेक हातांनी मिळून पाळायच्या असतात, आणि माणूस पडला तर त्या प्रत्येक हाताला जाब विचारला गेला पाहिजे.