अजिंठ्याच्या नकलाही जळाल्या!

मंडळी, पॉडकास्टच्या या भागात आपल्या वाशिमशी नातं असलेली गोष्ट सांगतोय. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. तसा शिलालेखच तिथे आहे.

अजिंठ्याची चित्रं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून कॅनव्हासवर उतरवली. १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. १८८५ ला लंडनमध्येच परत आग! त्यातल्याही बऱ्याच गेल्या.

वाईट याचं वाटतं की नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच वार्निश लावलं गेलं. पुढे ते पिवळं पडलं. म्हणजे नकल जळाली आणि अस्सलही डागाळलं.

वाचलेल्या नकला आज लंडनच्या संग्रहालयात आहेत, शिवाय ग्रिफिथ्सचे १८९६-९७ चे दोन छापील खंड. भिंतीवरून नंतर गळून पडलेला भाग आता तिथेच बघायचा.

तुमच्या गावच्या देवळात, वाड्यात जुनं भित्तिचित्र असेल तर त्याला ओलं फडकं, वार्निश काही लावू नका. चुना मारण्याआधी नीट फोटो तेवढे काढून ठेवा, आणि दोन-तीन ठिकाणी ठेवा.